भाद्रपदातला पैसा, ज्येष्ठातली फी

पेणच्या गणपती कारखान्यांवर ज्यांची चूल चालते, त्यांच्या घरात पैसा येतो श्रावण-भाद्रपदात आणि शाळा फी मागते ज्येष्ठात. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्याचा पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो आणि फी भरायची शेवटची तारीख असते पाच. एरवी ही ओढाताण घरातल्या घरात भागते. कोणाकडून हातउसने घेतले जातात, भिशी उचलली जाते, नाहीतर सोन्याची एखादी वस्तू पतपेढीत जाते. पण मिळकत दोन-चार महिने थांबली की हे सगळे रस्ते आधीच वापरून झालेले असतात. मग पालक शाळेच्या कार्यालयात अर्ज घेऊन येतो.

विनाअनुदानित शाळांच्या कार्यालयात लिपिक म्हणून माझी नोकरी पेणला सुरू झाली, मधली काही वर्षे रोह्याला गेली आणि आता पुन्हा पेणला आहे. फीचे रजिस्टर माझ्याकडे असल्याने असे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. बहुतेक अर्ज एकाच घाटणीचे असतात. पैसे का नाहीत यावर दीड पान लिहिलेले असते आणि पैसे कधी येतील यावर एक ओळही नसते. आजारपण, कारखान्याची अडचण, घराचे हप्ते हे सगळे खरे असते, वाचून वाईटही वाटते. पण मुख्याध्यापकांना निर्णय घ्यायचा असतो तो न लिहिलेल्या ओळीवर.

हे समजायला शाळेची तिजोरी कशी चालते ते पाहावे लागते. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते, म्हणून तिथे पालकांकडून येणारी रक्कम किरकोळ असते. विनाअनुदानित शाळेत पगार, वीजबिल, बसचे डिझेल हे सारे फीतूनच निघते. फी येते दोन सत्रांत, साधारण जून आणि नोव्हेंबरमध्ये, पण पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो. जूनमध्ये आलेल्या पैशावर दिवाळीपर्यंत गाडी ओढायची असते. त्यामुळे हप्त्यांचा अर्ज समोर ठेवला की मुख्याध्यापक मला एकच विचारतात, ‘यातले दिवाळीच्या आधी किती येतील?’ अर्जात त्याचे उत्तर असेल तर सही लगेच होते. नसेल तर अर्जावर ‘पालकांशी चर्चा करावी’ असा शेरा पडतो आणि अर्ज फाइलमध्ये जाऊन बसतो.

अर्ज अडकण्याचे दुसरे कारण असते एकाच कागदावर दोन मागण्या. ‘शक्य झाल्यास फीत सवलत द्यावी, नाहीतर हप्ते पाडून द्यावेत,’ असे पालक सरळ मनाने लिहितो. कार्यालयात मात्र या दोन मागण्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. हप्ते म्हणजे पूर्ण रक्कम, फक्त उशिरा. आमच्याकडे ते मुख्याध्यापकांच्या सहीने होते. सवलत म्हणजे रक्कम कमी करणे. त्यासाठी संस्थेच्या समितीचा ठराव लागतो, कारण हिशेब तपासनीस येतो तेव्हा सोडलेल्या प्रत्येक रुपयाचा आधार मागतो. समितीची बैठक महिन्या-दीड महिन्याने होते. दोन्ही मागण्या एकत्र असल्या की सगळा अर्जच बैठकीची वाट पाहतो. तोवर शेवटची तारीख उलटते, संगणक विलंब शुल्क चढवतो आणि पालकाच्या फोनवर थकबाकीचा मेसेज जातो. म्हणून मी सांगतो, सवलत हवी असेल तर तिचा अर्ज वेगळा करा. हप्त्यांचा अर्ज हप्त्यांपुरताच ठेवा.

आता एक प्रकरण नीट पाहू. २०२५ च्या जूनमधले.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० पासूनच होती. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस सांगितले आणि पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात ऐन हंगामाच्या तोंडावर हात आखडले. माल काढावा की नाही, काढला तर कोणी घेईल का, हे कारखानदारालाच कळत नव्हते. ९ जून २०२५ ला न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगी दिली नाही. त्यानंतर कारखाने दिवसरात्र सुरू झाले.

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाचे वडील अशाच एका कारखान्यात रंगकाम आणि आखणी करतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात हा कारखान्यातला सर्वांत महागाचा हात. पण कारखान्याला कामच नसेल तर महागाचा हातही रिकामाच. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत ते जवळजवळ बसून होते. त्या काळात घर चालवायला त्यांनी मालकाकडून उचल घेतली होती. जूनच्या मध्यावर ते कार्यालयात आले तेव्हा काम सुरू झाले होते. हीच गोष्ट बाहेरच्याला गोंधळात टाकते. काम सुरू झाले तर पैसे का नाहीत? कारण आठवड्याच्या मजुरीतली निम्मी रक्कम उचलीत वळती होत होती. काम परत येणे आणि पैसा हातात येणे यांच्यात या धंद्यात दीड-दोन महिने जातात. मिळकत बुडण्याचा खरा काळ कारखाना बंद असतानाचा आणि त्यावर उचल फिटेपर्यंतचा, असा दोन्ही मिळून धरावा लागतो.

वर्षाची फी होती चोवीस हजार, सत्राला बारा. त्यांनी आणलेला अर्ज साधा होता. ‘भाऊसाहेब, महिन्याला हजार देतो, बारा महिने. तेवढं जमेल,’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘दादा, बारा महिने हजार दिलेत तरी बारा हजारच होतात. दुसऱ्या सत्राचे काय?’ ते गप्प झाले. हा हिशेब चुकतो तो घाबरल्यामुळे. माणूस आज डोळ्यासमोर असलेली रक्कमच बघतो.

मी त्यांना खुर्ची दिली आणि एका कोऱ्या कागदावर महिने लिहून काढले. प्रत्येक महिन्यापुढे विचारले, हातात किती पडणार? जून-जुलैत मजुरी निम्मी. ऑगस्टमध्ये उचल फिटलेली, जादा पाळ्यांचे पैसे सुरू. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तोपर्यंत माल गेलेला असतो, मग मालक वर्षाचा हिशेब करतो आणि शिल्लक मजुरी एकदम देतो. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा हा घरातला सर्वांत भरलेला आठवडा. त्यानंतर महिना-दीड महिना पुन्हा शांत, आणि दिवाळीनंतर पुढच्या हंगामाचे कच्चे काम.

हे समोर आल्यावर हप्ते आपोआप पडले. अर्ज करताना दीड हजार, १५ जुलैला दीड हजार, १० ऑगस्टला तीन हजार आणि १० सप्टेंबरला सहा हजार. झाले बारा हजार, पहिले सत्र पूर्ण. महिन्याला हजारच्या बेताने ऑक्टोबरअखेर शाळेच्या हाती पाच हजार आले असते. नव्या बेताने दिवाळीच्या कितीतरी आधी सगळे येत होते. शिवाय सप्टेंबरात हात भरलेला असताना फक्त हजार भरायचे आणि ऑक्टोबरात रिकाम्या हाताने पुन्हा हजार शोधायचे, ही कसरत टळली. समान हप्ते महिन्याला पगार घेणाऱ्याला सोयीचे. हंगामावर जगणाऱ्याला लहान-मोठे हप्तेच पेलतात.

अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. तो असा होता:

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: प्रथम सत्राची फी चार हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा इयत्ता सातवी ब मध्ये शिकत आहे. मी गणपती कारखान्यात रंगकाम करतो. फेब्रुवारी ते मे काम बंद होते. जूनपासून काम सुरू झाले आहे, परंतु जुलैअखेरपर्यंत निम्मी मजुरी घेतलेल्या उचलीत वळती होणार आहे. प्रथम सत्राची फी रु. १२,००० पैकी रु. १,५०० आज भरत आहे. उरलेली रक्कम १५ जुलै रोजी रु. १,५००, १० ऑगस्ट रोजी रु. ३,००० व १० सप्टेंबर रोजी रु. ६,००० याप्रमाणे भरेन. या मुदतीत विलंब शुल्क आकारू नये, ही विनंती. एखादी तारीख पाळणे शक्य नसल्यास त्याआधी कार्यालयात येऊन कळवीन. सोबत कारखानदाराचे पत्र जोडले आहे.’

वर मुलाचे नाव, जनरल रजिस्टर क्रमांक आणि खाली पालकाचा फोन. संपला अर्ज. कारण दोन वाक्यांत आहे, बाकी सगळ्या तारखा आणि रकमा. ‘आज भरत आहे’ हे शब्द फार कामाचे. रक्कम छोटी का असेना, अर्जाबरोबर पावती फाटली की प्रकरण ‘थकबाकी’च्या यादीतून ‘अंशतः भरणा’च्या यादीत जाते. विलंब शुल्काचे वाक्यही विसरू नये. हप्ते मंजूर झाले तरी संगणकाला ते माहीत नसते. कोणीतरी नोंद बदलेपर्यंत तो दंड चढवत राहतो, आणि नोंद बदलायला लेखी आधार लागतो.

अर्ज दोन प्रतींत आणावा. एक कार्यालयात द्यावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. मंजुरीची सही झाली की त्या शेऱ्याचीही नक्कल मागून घ्यावी. लिपिक बदलतो, मुख्याध्यापक निवृत्त होतात, तोंडी बोलणे त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक हप्त्याची पावती वेगळी घ्यावी आणि पावतीवर उरलेली बाकी लिहून मागावी. बाकीवरून होणारी निम्मी भांडणे या एका आकड्याने मिटतात.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले? ऑगस्टपर्यंत तारखा पाळल्या गेल्या. सप्टेंबरात मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याने मालकाचे पैसे थांबवले आणि मालकाने कारागिरांचे. वडील आठ तारखेलाच आले, दोन हजार भरले आणि उरलेल्या चार हजारांसाठी महिनाअखेर मागितली. त्याच मंजूर अर्जाखाली दोन ओळी लिहून मुख्याध्यापकांनी सही केली. दहा तारीख उलटून गेल्यावर ते आले असते, तर तेच दोन हजार भरूनही त्यांचे नाव तारीख न पाळणाऱ्यांत गेले असते. आधी येणाऱ्याला मुदत वाढवून मिळते, हे मी पेणला पाहिले आणि रोह्यालाही.

रोह्याचे अर्ज वेगळ्या जातीचे. धाटावच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार आजारी पडला किंवा प्लांट दुरुस्तीसाठी बंद झाला की पगार थांबतो. तिथे हंगाम नसतो, त्यामुळे समान मासिक हप्ते चालतात. फक्त तारीख पाचऐवजी बारा ठेवावी, म्हणजे पगार जमा होऊन दोन दिवस हाताशी राहतात. आजारी कामगाराची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असेल तर त्याला आजारपणाच्या काळात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. ही रक्कम डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि कागद पूर्ण झाल्यावर जमा होते, म्हणजे आजाराच्या पहिल्या महिन्यात घरात काहीच नसते. अशा पालकाने विमा योजनेच्या कागदाची नक्कल जोडावी आणि पहिला मोठा हप्ता महिना-दीड महिना पुढे ठेवावा. पैसे कुठून येणार हे कागदावर दिसले की मुख्याध्यापक सहसा आढेवेढे घेत नाहीत.

कागद नसलेल्यांचे काय? कारखान्यातल्या रोजंदारीवाल्याकडे पगारपत्रक नसते. त्याला मालकाची हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी चालते. काम कधीपासून बंद, कधी सुरू, हिशेब कधी होणार, एवढे त्यात असले की पुरे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मात्र या कामाला फारसा उपयोगी नाही. तो गेल्या वर्षाचे उत्पन्न सांगतो आणि आपली अडचण या चार महिन्यांची असते. त्यासाठी सेतू केंद्रात दिवस घालवू नयेत.

पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवावेत, असे काही संस्था सुचवतात. हंगामी मिळकतीच्या माणसाकडून ते घेऊ नयेत असे माझे मत आहे. मालकाचा हिशेब आठ दिवस लांबला की चेक परत येतो, बँक दोन्हीकडून आकार कापते आणि साधी उशिराची गोष्ट कोर्टाच्या भाषेत जाते.

हप्त्यांच्या मागणीला कायद्याचे बळ किती, हेही पालक विचारतात. २०२० साली ते पहिल्यांदा ठळक झाले. टाळेबंदी, ३ जूनचे निसर्ग चक्रीवादळ, त्यात मूर्तींच्या उंचीवर चार आणि दोन फुटांची मर्यादा, असे सगळे एकदम रायगड जिल्ह्यावर आले. ८ मे २०२० च्या शासन निर्णयाने फी एकरकमी न घेता मासिक किंवा त्रैमासिक भरण्याचा पर्याय द्यायला शाळांना सांगितले. शाळाचालक त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. पुढे राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी निकाल दिला. २०२०-२१ ची फी १५ टक्के कमी करून सहा समान मासिक हप्त्यांत घ्यावी, फी थकली म्हणून वर्ग बंद करू नये, निकाल अडवू नये, आणि ज्या पालकाला तेही जमत नसेल त्याच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करावा, असे त्यात होते. महाराष्ट्र शासनाने १२ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने १५ टक्के कपात इथेही आणली.

पण ही तरतूद त्या काळापुरती होती. आजच्या अर्जात तिचा हवाला देऊन ‘हप्ते हा माझा हक्क’ असे लिहिले तर ते टिकत नाही. एरवीच्या वर्षात हप्ते द्यायचे की नाही हे शाळा ठरवते. मुलाचे संरक्षण मात्र कायम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. फीसाठी मुलाला वर्गात उभे करणे, त्याचे नाव फळ्यावर लिहिणे हे त्यात बसते, असे मी आमच्या शिक्षकांना सांगत आलो आहे. नववी-दहावीला कलम १६ चे हे कवच नाही. म्हणून दहावीच्या पालकाने हप्त्यांचा अर्ज बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी, जूनमध्येच करावा. तेव्हा दोन्ही बाजूंना वेळ असतो.

हप्त्यांनी सगळेच प्रश्न सुटत नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि गावातल्या असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. त्या वर्षी कार्यालयात पासबुके घेऊन पालक यायचे. ‘पैसे आहेत, फक्त काढता येत नाहीत. बँक उघडली की भरतो,’ असे ते म्हणायचे आणि पासबुकात खरोखर रक्कम दिसायची. आम्ही त्या भरवशावर मुदती दिल्या. बँक उघडली नाही, २०१४ मध्ये तिचा परवानाच गेला. तेव्हापासून आमच्या कार्यालयात अडकलेल्या पैशावर तारीख मान्य होत नाही. ठेव सुटणे, जमिनीचा मोबदला मिळणे, दाव्याचा निकाल लागणे, या तारखा पालकाच्या हातात नसतात. हप्ता पाडावा तो मजुरीतून, पगारातून, दुकानाच्या गल्ल्यातून येणाऱ्या पैशावर.

आणि मिळकत कायमचीच गेली असेल तर हप्ते पाडणे म्हणजे थकबाकी पुढे ढकलणे. वर्षअखेर ती दुप्पट होऊन उभी राहते, पालक तोंड चुकवू लागतो आणि मूलही शाळा चुकवू लागते. अशा वेळी लिपिकाने स्पष्ट बोलावे. पेणला आणि रोह्याला दोन्हीकडे अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. सत्राच्या मध्यावर दाखला मागायला आलेल्या पालकाला कमीपणा वाटू न देता दाखला द्यावा. शिक्षण हक्क कायद्यात तो तत्काळ देण्याची तरतूद आहेच.

पालकांना माझे सांगणे एवढेच. अर्ज मुलाच्या दप्तरात घालून पाठवू नका, वर्गशिक्षकांच्या फोनवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका. शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी स्वतः कार्यालयात या, घरात पैसा कोणत्या महिन्यात किती येतो ते लिहून आणा आणि थोडी का होईना रक्कम बरोबर ठेवा. माझ्या लिपिक बंधुभगिनींना सांगणे त्याहून लहान आहे: खिडकीवरच ‘मुदत संपली’ म्हणण्याआधी समोरच्या माणसाला ‘पैसे कधी येतील?’ एवढे विचारा आणि त्याने सांगितलेली तारीख कागदावर लिहून घ्या.